कडेची शीट

आज कोल्हापुरात शीटवर चालणाऱ्या वडापाच्या रिक्षात मला कडेला बसू दिलं नाही. "मावशी, आत सरा की, धक्का बसंल," ड्रायव्हर म्हणाला. मी सरले, आणि दिवसभर तेच कुरतडत राहिलं.

वडापात कोण कुठं बसणार, ते उतरायच्या ठिकाणावर ठरतं. वयाचा काय संबंध? रिक्षाची उजवी बाजू दांडा लावून बंद असते, चढउतार सगळी डावीकडनं. म्हणून गांधीनगरला जाणारा सगळ्यांत आत, तावडे हॉटेलवाला मधे आणि मार्केट यार्डाला उतरणारी मी कडेला. यात कुणाचे उपकार नाहीत.

उभं कुठं राहायचं तेही मला कुणी सांगायला नको. कावळा नाक्यावर सिग्नलच्या अलीकडं कितीही हात करा, पुढं पोलीस आणि मागं हॉर्न, रिक्षा थांबत नाही. चौक ओलांडून तावडे हॉटेलच्या रस्त्याला थोडं पुढं जायचं. स्टँडकडनं येणारी तिथं हळू होते आणि शीट रिकामी असली की ड्रायव्हर मान बाहेर काढून बघतो. "यार्ड?" एवढंच विचारायचं. अख्खी रिकामी आली तर मात्र बसू नये, माणसं गोळा करत ती रांगतच जाते.

आज हे सगळं जमूनही मी आतल्या कोपऱ्यात, दांड्याला टेकून. घरीही हल्ली हातातली पिशवी काढून घेतात. जिन्याचं तर बोलणंच... असो. काळजीच असते, कळतं मला. पण मला विचारलं कुणी?

यार्डाचं गेट यायच्या बरंच आधी सांगावं लागतं, कारण गुळाच्या गाड्यांतनं रिक्षा डावीकडं घ्यायला त्याला वेळ लागतो. गेटसमोर ओरडलं की तो पार पुढं नेऊन सोडतो, मग उन्हातनं माघारी चाला. मी वेळेवर सांगितलं, सुट्टे मुठीत तयार होते. पण उतरणार कशी? आधी मधली पोरगी उतरली, मग कडेचा माणूस मांडीवरचं बोचकं घेऊन उतरला, त्यातली एक पिशवी खाली पडली. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्नवरचा हात काढेना. कडेला धक्का बसतो म्हणे! आतनं बाहेर येताना चार बसले.

संध्याकाळी परतीच्या रिक्षात कडेला एक पोरगं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलं. पाय ठेवायच्या आधीच विचारलं, "कुठं उतरणार रे?"

"स्टँडला."

"मग सर आत. मी नाक्याला उतरणार."

"बसा आज्जी," म्हणाला आणि सरला बिचारा. जागा मिळाल्यावर वयावरनं कशाला भांडायचं! चौकाच्या अलीकडंच, सिग्नलला रिक्षा उभी राहिली तशी कुणाचा गुडघा न हलवता उतरले.