चिमणीच्या काठावर

सोलापुरात कडा नाही. शहर परातीसारखं सपाट, आणि किल्ला आहे तोही भुईकोट. त्यामुळे माझ्या स्वप्नाला उंची हवी झाली तेव्हा त्यानं कुमठ्याच्या साखर कारखान्याची चिमणी पळवली. ती चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ ला स्फोटकं लावून पाडली. स्वप्नाला मात्र पालिकेची नोटीस पोचलेली नसावी.

स्वप्न असं: मी चिमणीच्या कडेवर अनवाणी उभा असतो. खाली सिद्धेश्वरचा तलाव वाटीएवढा दिसतो. मी पडत कधीच नाही. उजवा पाय पुढं टाकायचा असतो आणि तो उचलतच नाही.

हिला सांगितलं तर म्हणाली, "मागं पण येत नाही का?" मागं पण येत नाही. दोन्हीकडून अडकलेला.

आधी वाटायचं, झोप लागता लागता आपण पायरी चुकल्यासारखे दचकून उठतो, तसलंच काहीतरी असेल. पण ते वेगळं. तो झटका जागेपण आणि झोप यांच्या उंबऱ्यावर येतो आणि क्षणात संपतो. माझं स्वप्न पहाटेचं, लांबलचक. ठसठशीत स्वप्नं ज्या झोपेत जास्त पडतात, त्या झोपेत पापण्यांखाली डोळे भराभर फिरत असतात, आणि मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो. नाहीतर माणूस स्वप्नातली मारामारी शेजारी झोपलेल्याशी करेल. म्हणजे मी चिमणीवर पाय उचलायचा हुकूम सोडतो तेव्हा खाटेवरचा पाय तो मानत नसतो, आणि ती खबर कदाचित स्वप्नात शिरते. मला हे पटलं. माझ्या भित्रेपणाचा निदान अर्धा दोष पायांवर गेला.

उरलेला अर्धा मात्र जागेपणीचा आहे. आमच्या घरामागच्या खोलीत चार माग आहेत, टॉवेलचे. वडिलांनी घेतलेले. दीड वर्षापासून बंद. धोटा जिथं थांबला तिथंच आहे, त्यावर धूळ. लोखंडाच्या भावानं घेणारा एक गडी मिळालाय, इसार द्यायला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा पावतीवर सही करायची वेळ आली आणि माझा हात मागं आला. पहिल्यांदा चष्मा सापडेना. दुसऱ्यांदा म्हणालो, अमावस्या आहे. होती, पण मी कधीपासून अमावस्या पाळायला लागलो?

तो गेल्यावर मी हिला म्हणालो, "मला विकायचेच नाहीत बहुतेक. हात आखडला बघ."

इथंच मला फ्लोरिडातला एक अभ्यास आठवतो, २०१२ सालचा. उंच जागी उभं राहिल्यावर अनेक धडधाकट, जगण्यावर खूश असलेल्या माणसांच्या मनात एक विचित्र कळ येते: मारू का उडी? त्या मानसशास्त्रज्ञांनी ४३१ विद्यार्थ्यांना विचारलं. ज्यांच्या मनात जीव द्यायचा विचार कधीच आला नव्हता, त्यांच्यातल्याही निम्म्यांहून जास्त जणांना ही कळ ठाऊक होती. त्यांचा तर्क असा: काठाशी शरीराची धोक्याची घंटा आधी वाजते आणि पाय आपोआप मागं येतो. मन मागून पोचतं आणि विचारतं, कठडा तर मजबूत आहे, मग मी मागं का आलो? नक्कीच उडी मारायची होती मला! पाय जगायला म्हणून मागं आलेला, आणि मन त्याचा नेमका उलटा अर्थ लावतं. हा तर्कच आहे, सिद्ध झालेलं नाही. पण मला तो वाचून घाम फुटला तो मागांमुळं.

कारण माझा हात आखडला म्हणजे मला माग ठेवायचेत, हे मला कुणी सांगितलं? मीच, मागाहून. हात तर फक्त घाबरला होता. वीस वर्षं ज्या खटखटीत झोपलो ती खोली रिकामी दिसेल याला तो दचकला. त्यात 'ठेव' नव्हतं, 'वीक' पण नव्हतं. मी मात्र त्या दचकण्याला वडिलांची इच्छा, घराण्याचा धंदा, काय काय नावं देऊन बसलो. दोन महिने.

(उलटं पण होऊ शकतं म्हणा. हात खरंच शहाणा असेल आणि मीच अभ्यास वाचून शेफारलो असेन. दचकण्यावरून दोन्हीतलं काहीच ओळखता येत नाही, हीच तर पंचाईत.)

म्हणून परवा हातापायांना न विचारता वही घेऊन बसलो. सूत, मजुरी, वीजबिल, टॉवेलचा भाव. हिशेब अर्ध्या पानात संपला. हिनं वही वाचली, काही बोलली नाही, मागच्या खोलीत जाऊन धोट्यावरची धूळ पदरानं पुसली आणि तो आणून देवघराशेजारी ठेवला.

"चार विका," म्हणाली. "हे त्यात नाही म्हणून सांगा त्याला."

तो गुरुवारी येतोय. चष्मा मी आत्ताच खिशात ठेवलाय.