‘थोडं छोटं करा’ आणि ‘निम्मं करा’

आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेचं संपादन गेल्या वर्षी माझ्या गळ्यात पडलं. पानं 64 ठरली होती. छापखान्यात मोठ्या कागदाला घड्या पडून 16 पानांचा एक फॉर्म होतो, त्यामुळे पानं सोळाच्या पटीत ठेवायची आणि 65वं पान निघालं तर खर्च एकदम वाढतो, हे मला पहिल्याच भेटीत ऐकवलं गेलं होतं. जाहिराती, कार्यकारिणीचे फोटो, जमाखर्च सोडून लेखांना प्रत्येकी दोन पानं मिळत होती. आमच्या टायपात आणि ओळींच्या अंतरात एका पानावर साधारण 425 शब्द बसत होते, म्हणजे लेख 850 शब्दांचा हवा होता. लेख आले ते जवळजवळ दुप्पट, 1700च्या आसपास.

मी भिडस्त माणूस. सगळ्यांना एकच निरोप धाडला: ‘लेख सुंदर आहे. जागा कमी आहे, तेवढा थोडा छोटा करून पाठवाल का?’

चार दिवसांत चार लेख परत आले. एक 1720चा 1650 झाला होता. दुसरा 1680चा 1590. तिसरे आमचे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना बहुतेक राग आला असावा, त्यांनी 1750 शब्दांतून 640 ठेवले आणि वाचनालयाच्या पहिल्या कपाटाची गोष्ट, जिच्यासाठी मी त्यांना लिहायला सांगितलं होतं, तीच उडवली. चौथ्या लेखिका काकूंचा लेख तर 1690चा 1710 झाला. त्यांनी खरोखर दोन परिच्छेद काढले होते, पण कापताकापता त्यांना शाळेतल्या बाकाची एक आठवण सुचली.

यात कोणीही माझं म्हणणं टाळलं नव्हतं. पहिल्यांनी 70 शब्द काढले, म्हणजे लेख थोडा छोटा केलाच की. मी जे मागितलं ते मिळालं. ‘थोडा’ किती, हे मात्र प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवलं होतं. लेखावर जीव असेल तो पहिलं दुखायला लागलं की थांबतो, आणि ज्याचा विरस झालाय तो थांबतच नाही.

सरांना भीत भीत फोन केला. ते म्हणाले, “अहो, चाळीस वर्षं मी सारांशलेखनाचे पेपर काढले. ‘उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहा’ असंच लिहीत आलो. ‘उतारा थोडा छोटा करा’ लिहिलं असतं तर तपासायचं कशावरून?”

मग दुसरा निरोप गेला: ‘लेख निम्मा करायचा आहे. आत्ता 1700 शब्द आहेत, 850 हवेत. वीसेक इकडेतिकडे चालतील. अमुक प्रसंग मात्र ठेवाच.’ प्रत्येकाला त्याच्या लेखाचा आकडा आणि राखायचा प्रसंग वेगळा लिहिला. या वेळी आले ते 870, 845, 860 आणि 880. सरांचं कपाट परत आलं होतं.

आकडे जवळ येणार हे उघडच होतं. मला नवल वाटलं ते कापण्याची पद्धतच बदलली याचं. काकूंच्या लेखातला हा तुकडा, 46 शब्दांचा:

‘आमच्या गावात तेव्हा नळ नव्हते, त्यामुळे पाण्यासाठी सगळ्यांनाच विहिरीवर जावं लागायचं. विहीर गावाच्या पूर्वेला, म्हणजे मारुतीच्या देवळापासून साधारण पाच मिनिटांच्या अंतरावर होती. पहाटे अंधारातच आजी दोन कळश्या घेऊन निघायची, आणि मी तिच्या मागे कंदील धरून, झोप डोळ्यांत तशीच ठेवून, अडखळत चालायचे. रहाटाचा आवाज लांबूनच ऐकू यायचा.’

‘थोडा छोटा’च्या वेळी काकूंनी यातून पाच शब्द काढले होते: पाण्यासाठी, गावाच्या, पूर्वेला, म्हणजे, साधारण. उरले 41. चुकीचा एकही नव्हता, पण वाचताना फरक जाणवत नव्हता. नखं कापावीत तसं ते काम झालं होतं. निम्म्याच्या वेळी हेच असं आलं:

‘गावात तेव्हा नळ नव्हते. पहाटे अंधारातच आजी दोन कळश्या घेऊन विहिरीवर निघायची, मी कंदील धरून मागे अडखळत चालायचे. रहाटाचा आवाज लांबूनच ऐकू यायचा.’

मोजून 23. विहिरीचं ठिकाण सांगणारं अख्खं वाक्य गेलं आणि कोणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही. दहावा हिस्सा काढायचा असेल तर माणूस विशेषणं आणि ‘म्हणजे’, ‘साधारण’ वेचत बसतो. अर्धा काढायचा म्हटल्यावर तो हिशेब पुरत नाही, सगळी विशेषणं काढली तरी अर्ध्याच्या जवळ जाता येत नाही. मग आधी ठरवावं लागतं की हा लेख पाण्याचा, देवळाचा की आजीचा. काकूंनी आजी ठेवली. झोप डोळ्यांत ठेवणं गेलं याची हळहळ मलाच जास्त वाटली, त्यांना नाही.

आणखी एक प्रयोग मी स्वतःवर केला, मुद्दाम नाही, चुकून. वाचनालयाच्या इतिहासाचा 1800 शब्दांचा मजकूर मी एका रविवारी ‘आटोपशीर’ केला, 1500 झाला. फाईल हरवली म्हणून पुढच्या आठवड्यात मूळ मजकुरावरून पुन्हा बसलो, तर 1180 झाला. माणूस मीच, मजकूर तोच. पहिल्या दिवशी जेवण झालं होतं, दुसऱ्या दिवशी छापखान्याचा फोन येऊन गेला होता, एवढाच फरक.

आकड्याच्याही खोड्या आहेत, त्या मला नंतर कळल्या. आम्ही मोजायचो गूगल डॉक्समध्ये, `Ctrl+Shift+C` दाबून. ते दोन मोकळ्या जागांमधलं जे काही असेल त्याला एक शब्द धरतं. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘कार्यकारिणीच्या सभासदांसमोर’ हे दोन शब्द आणि ‘तो घरी आला’ हे तीन. सरांचा 860 शब्दांचा लेख ठराव, इतिवृत्तं आणि अनुदानांनी भरलेला होता, तो पानावर काकूंच्या 880पेक्षा अकरा ओळी जास्त खात होता. पानात बसवायचं असेल तर शेवटची मोजणी ओळींचीच करावी लागते.

दुसरं असं की चारपैकी तीन जण 850च्या वरच थांबले. सवलत दिली की लोक ती वरच्या बाजूला वापरतात. आता मला 850 हवे असतील तर मी 820 सांगतो आणि सवलतीचं नावच काढत नाही.

निम्म्याचा नियम सरसकट लावायचा नसतो, ही चूकही करून झाली. एका तरुण मुलाचा लेख मुळातच 900 शब्दांचा, घट्ट विणलेला. मी सगळ्यांसोबत त्यालाही ‘निम्मा’ लिहून बसलो. त्याने इमानदारीत 450 करून पाठवला आणि त्यात फक्त घटनांची यादी उरली. त्याला फक्त 50 शब्द काढायचे होते. मापाचा आकडा ज्याच्या त्याच्या लेखावरून काढायला हवा होता. मी त्याची माफी मागितली आणि मूळ लेख घेऊन बसलो.

पानं लागल्यावर काकूंचा लेख दुसऱ्या पानाच्या खाली तीन ओळी उतरला. रात्री साडेनऊला फोन केला. “काकू, तीन ओळी काढायच्या आहेत.”

“तीनच ना? की तीन म्हणून सहा?”

“तीनच.”

दहा मिनिटांत मेसेज आला. शाळेतला बाक गेला होता.