अकरा पानांचं नोटीस-उत्तर आणि नानांची सही

मी नाशिकला एका सीनियर वकिलांकडे ज्युनियर म्हणून काम करते, ऑफिस अशोक स्तंभाकडे. आमच्याकडे जमिनीच्या केसेस जास्त, त्यातही साठेखताच्या. साठेखत झालंय, विसार दिलाय, आणि खरेदीखत अडकलंय, असं आठवड्यातून एखादं तरी येतंच. ही केस पण तशीच होती पण यात भांडण राहिलं बाजूला आणि उत्तर कसं लिहायचं यावरच दिवस गेला.

दिंडोरी तालुक्यातली दोन एकर. नाना म्हणजे आमचे अशील, आणि त्यांचे दोन भाऊ, अशा तिघांनी मिळून साठेखत केलेलं. दर गुंठ्याला 75,000, म्हणजे 80 गुंठ्यांचे 60 लाख, पण साठेखतात स्पष्ट लिहिलेलं की मोजणीत जेवढे गुंठे भरतील तेवढ्याचेच पैसे. 15 लाख विसार आलेला. सातबारावर बँकेचा 9 लाखांचा बोजा, तो घेणाऱ्याने बाकी रकमेतून थेट कर्जखात्यात भरायचा. खरेदीखत मोजणी झाल्यापासून तीन महिन्यांत. कॅलेंडरची तारीख कुठेच नाही, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

घेणाऱ्याच्या वकिलांची नोटीस आली की तुम्ही टाळाटाळ करताय, बोजा काढत नाही, मोजणी करत नाही, शिवाय विसार सोडून 2 लाख रोख दिले होते तेही धरा, पंधरा दिवसांत खरेदीखत करून द्या नाहीतर दावा लावू. सरांनी उत्तराचा ड्राफ्ट केला, अकरा पानं, आपल्या नेहमीच्या कोर्टाच्या मराठीत, सदरहू, उपरोक्त, तथापि, सगळं. ड्राफ्ट उत्तम होता, कायद्याने एक बोट ठेवायला जागा नाही. नानांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि म्हणाले, "ताई, सही कराया माझी ना नाही, पण म्या काय काय करायचं कबूल केलं ते मला कळाया नको का? उद्या भावांनी इचारलं तर काय सांगू?" मला तरी ते एकदम रास्त वाटलं, कारण उत्तर वकिलाच्या सहीने जात असलं तरी आम्ही अशिलाची सही ऑफिस कॉपीवर घेतो, आणि उद्या साक्षीत उभं राहायचं तर नानांनाच राहायचंय.

सर म्हणाले, ठीक आहे, मुद्द्यांमध्ये कर, तेच पाठवू, पण एकही जबाबदारी इकडची तिकडे झाली नाही पाहिजे.

यात एक गंमत म्हणजे नानांचा पुतण्या आधीच ते काम करून आला होता. शिकलेला पोरगा, सगळ्या अकरा पानांचे मोबाईलवर बारा मुद्दे करून प्रिंट घेऊन आलेला, आणि भाषा खरंच छान होती, माझ्यापेक्षा सोपी. नानांना वाचून दाखवल्यावर ते लगेच "हां, हे कळतंय" म्हणाले. मी ती प्रिंट आणि सरांचा ड्राफ्ट शेजारी ठेवून वाचायला बसले आणि तिथे खरा खेळ सुरू झाला.

सरांच्या ड्राफ्टमधलं बोजाचं वाक्य असं होतं, जसंच्या तसं देते:

"तुमचे अशिलांनी साठेखताचे कलम 6 प्रमाणे रक्कम रुपये 9,00,000 सदरहू कर्जखात्यात परस्पर भरणा केल्यापासून तीस दिवसांचे आत आमचे अशील बँकेचा बेबाकी दाखला मिळवून बोजा कमी करणेकामी तलाठी यांचेकडे अर्ज दाखल करतील, तथापि सदर फेरफार मंजूर होणेस शासकीय स्तरावर लागणारा कालावधी हा आमचे अशिलांचा कसूर समजणेत येऊ नये."

पुतण्याने लिहिलेलं, "बोजा आम्ही 30 दिवसांत सातबारावरून काढून देऊ." वाचायला काय सुटसुटीत! पण यात तीन गोष्टी उडाल्या. एक तर आधी समोरच्याने 9 लाख भरायचे हे गेलं, मग तीस दिवस मोजायचे कुठून, उत्तराच्या तारखेपासून? दुसरं, मूळ उत्तरात नानांचं काम दाखला आणायचा आणि अर्ज टाकायचा एवढंच आहे, ते त्यांच्या हातात आहे. पुतण्याच्या वाक्यात सातबारा कोरा करून द्यायची हमी झाली. आता फेरफार म्हटला की नोटीस निघणार, हरकतीला पंधरा दिवस जाणार, मग मंजुरी, आणि त्यात कुणी सुट्टीवर असलं की बघायलाच नको. एकतिसाव्या दिवशी नाना कसूरदार, तेही स्वतःच्याच उत्तराने. आणि तिसरं, शासकीय उशिराचं संरक्षण पूर्ण गायब.

मी पोराला समजावलं तर म्हणतो, "मॅडम, अर्थ तर तोच आहे ना?" घरात बोलताना तोच आहे हो. पण समोरचा वकील हे कागद घरात बसून वाचणार नाहीये.

त्याहून मोठी अडचण त्याच्या शेवटच्या मुद्द्यात होती. "जोपर्यंत समोरची पार्टी 9 लाख भरत नाही तोपर्यंत आम्ही खरेदीखत करून देणार नाही." सरांच्या ड्राफ्टमध्ये हेच उलट बाजूने होतं, की आमचे अशील खरेदीखत करून देण्यास आजही तयार आहेत आणि वरील गोष्टींची पूर्तता झाल्यावर ठरल्या मुदतीत करून देतील. बोलताना दोन्ही सारखंच वाटतं. पण मुदत कायद्यात साठेखताच्या पूर्ततेचा दावा लावायला तीन वर्षं असतात, आणि ती कधीपासून मोजायची तर करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून. म्हणून म्हटलं तारीख नाही हे लक्षात ठेवा. "करून देणार नाही" हे शब्द छापील उत्तरात गेले की समोरचा सरळ म्हणणार, बघा, यांनी नकार दिला. मग टाळाटाळ त्याची असली तरी नकार देणारे आपण ठरतो. तयारी दाखवून अट घालणं आणि अट घालून नकार देणं, यातला फरक सरांनी मला पहिल्या वर्षीच चांगला झापून शिकवला होता. (त्याबद्दल त्यांचे आभार मानायची अजून हिंमत झालेली नाही.)

मोजणीचं पण तसंच. मूळ उत्तरात मोजणीचा अर्ज नाना करणार, कारण खातेदार ते, आणि मोजणीची फी जमीन घेणाऱ्याने द्यायची, मागणी केल्यापासून सात दिवसांत. पुतण्याने लिहिलं "मोजणी दोघांनी मिळून करायची". ज्याचं काम दोघांनी करायचं असतं ते कुणीच करत नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

मग मी काय केलं, तर मुद्दे लिहायला घेतलेच नाहीत. आधी रजिस्टरचं एक मोठं पान आडवं धरून रकाने पाडले. कोणी करायचं, काय करायचं, कशानंतर, किती दिवसांत, खर्च कुणाचा. ड्राफ्ट वाक्यावाक्याने वाचत गेले आणि जिथे "करतील", "देतील", "राहील" असं काही दिसेल ते उचलून रकान्यात टाकलं. "करतील" आणि "करण्यास तयार आहेत" हे वेगळ्या शाईने, कारण पहिलं बंधन आहे आणि दुसरं तयारी. सगळं झाल्यावर लांबलचक अकरा पानांत एकूण आठच जबाबदाऱ्या निघाल्या, पाच नानांच्या, तीन समोरच्यांच्या. बाकी सगळा इतिहास, नकार आणि ठेवणीतली वाक्यं. बोजाचा मुद्दा मग असा झाला:

"4. बोजा.
(अ) आधी तुमचे अशील 9,00,000 रुपये थेट कर्जखात्यात भरतील (साठेखत कलम 6).
(आ) पैसे भरल्याच्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत आमचे अशील बँकेचा बेबाकी दाखला घेतील आणि बोजा कमी करण्यासाठी तलाठ्यांकडे अर्ज देतील.
(इ) तो फेरफार मंजूर व्हायला सरकारी ऑफिसात जो वेळ लागेल तो आमच्या अशिलांचा कसूर धरू नये."

शब्द फारसे कमी झाले नाहीत, हे खरंय. पण नानांना (अ) वाचल्या वाचल्या कळलं की पहिलं पाऊल त्यांचं नाही.

नोटिशीतले आरोप नाकारायचा भाग मात्र मी छोटा करायला तयार नव्हते. 2 लाख रोख दिल्याचं म्हणणं वेगळ्या मुद्द्यात, स्पष्ट, "असे पैसे मिळालेले नाहीत, हे म्हणणं खोटं आहे". पुतण्याच्या बारा मुद्द्यांत ते आलंच नव्हतं, त्याला वाटलं खोटंच आहे तर उत्तर कशाला द्यायचं. आणि "नोटिशीतला बाकी मजकूर खोटा" असं एका फटक्यात पण लिहिता येत नाही, कारण नोटिशीत साठेखत झालं, 15 लाख मिळाले हे पण आहे आणि ते खरं आहे. सगळं खोटं म्हटलं तर आपलंच साठेखत नाकारल्यासारखं. म्हणून परिच्छेद क्रमांक देऊन, हा मान्य, हा अमान्य, असंच.

एका ठिकाणी मला मोह झाला होता. "इतर हक्क राखून" हे वाक्य मूळ ड्राफ्टमध्ये दोनच जागी होतं, बाकी रक्कम न भरल्यास काय, त्याच्या आसपास. एकदाच सगळ्यात वर लिहिलं तर कागद स्वच्छ दिसला असता. पण वर गेलं की ते खरेदीखत करून देण्याच्या तयारीला पण लागू होतं, म्हणजे तयार आहोत पण हक्क राखून तयार आहोत, असं काहीतरी विचित्र. जिथलं तिथेच ठेवलं.

शेवटी ऑफिसमधल्या दुसऱ्या ज्युनियरला फक्त माझे मुद्दे दिले, मूळ ड्राफ्ट न दाखवता, आणि सांगितलं की तू पण तसेच रकाने भर. तिचे आठ आणि माझे आठ जुळवले. एका ठिकाणी अडलं, ताब्याच्या मुद्द्यात मी "खरेदीच्या वेळी" लिहिलेलं आणि तिने त्याचा अर्थ नोंदणीच्या आधी असा घेतला, म्हणून तिथे "खरेदीखताची नोंदणी झाल्यावर त्याच दिवशी" असं मूळ ड्राफ्टप्रमाणे केलं. सरांनी साडेतीन पानं वाचली, एक स्वल्पविराम बदलला, सही केली. नाना पुतण्याला म्हणाले, "आता तू वाच मोठ्यानं," आणि प्रत्येक मुद्द्याला हे कुणाचं काम ते स्वतः सांगत गेले, आणि मग त्यांनी ऑफिस कॉपीवर सही केली.

समोरच्यांचं पत्र आलंय. दोन लाखांचा त्यात उल्लेख नाही, आणि मुद्दा 4(अ) असं लिहून कर्जखात्याचा नंबर आणि आजची बाकी किती ते विचारलंय. बँकेकडून व्याजासकट आकडा घ्यायला पुतण्याला पाठवलंय, कारण 9 लाख हा साठेखताच्या वेळचा आकडा आणि वरचं व्याज कुणी भरायचं यावर साठेखत गप्प आहे, म्हणजे पुढचं पत्र त्यावरच होणार. मोजणीचा अर्ज भूमि अभिलेखला दिलाय, तारीख अजून लागायचीये.