सप्टेंबरचा उंचवटा

"मॅडम, सप्टेंबरमध्ये आम्ही राहायला आलो म्हणून पाणी वाढलं, असं तुमच्या अहवालात आहे. मग ऑक्टोबरमध्ये आम्ही कुठे गेलो होतो?"

२०२४च्या एप्रिलमधल्या सोसायटीच्या सभेत हा प्रश्न मला एका नर्सने विचारला. मी घोडबंदर रोडवरच्या एका ८० घरांच्या सोसायटीत मॅनेजर आहे. 'क' विंगमधल्या एका फ्लॅटमध्ये पाच सिस्टर भाड्याने राहतात आणि त्यांच्यातली ही एक. रात्रपाळी करून आली होती, डोळे लाल होते, पण आवाज शांत होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याआधी काय झालं होतं ते सांगते. आमच्याकडे भूमिगत टाकीतून गच्चीवर पाणी चढतं. त्या लाइनवर जून २०२३च्या शेवटी नवा मीटर बसवला. एक युनिट म्हणजे १००० लिटर. दर महिन्याच्या १ तारखेला पंप बघणारे मामा आकडा वहीत लिहितात, मी मागचा आकडा वजा करते आणि महिन्याचा वापर कॉम्प्युटरवर चढवते. नऊ महिन्यांचे आकडे जमल्यावर मी त्यांचा रेषालेख काढून सभेच्या अहवालात लावला आणि खाली तीन वाक्यं लिहिली:

"सप्टेंबरमध्ये पाण्याचा वापर प्रचंड वाढला. याच महिन्यात 'क' विंगमध्ये नवीन भाडेकरू राहायला आले. ऑक्टोबरमध्ये त्यांना सूचना दिल्यानंतर वापर नियंत्रणात आला."

सूचना खरीच दिली होती. रात्री उशिरा वॉशिंग मशीन चालतं अशी खालच्या मजल्यावरून तक्रार आली होती. तिन्ही वाक्यांत 'मुळे' हा शब्द कुठेच नाही, हे मी नंतर पाहिलं. पण दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या की वाचणारा मधला 'मुळे' स्वतःच भरून घेतो. सेक्रेटरींनी तो भरला आणि भाड्याने दिलेल्या प्रत्येक घरामागे दरमहा ५०० रुपये जादा पाणीपट्टी घ्यावी असा ठराव मांडला. पुरावा म्हणून माझा कागद पुढे केला.

सिस्टरच्या प्रश्नावर कोणीतरी म्हणालं, "सूचना दिल्यावर जपून वापरायला लागलात." म्हणजे रेषा चढली तरी त्यांच्यामुळे, उतरली तरी त्यांच्यामुळे. हे ऐकल्यावर मला आतून हललं. रेषा कशीही वळली तरी जे स्पष्टीकरण लागू पडतं, ते रेषेतून आलेलं नसतं. मी अध्यक्षांना विनंती केली की ठरावावर मत घेण्याआधी मला अर्धा तास द्या, मी वही घेऊन येते.

ऑफिसमध्ये जाऊन मी आधी वाढीचं माप पाहिलं. ऑगस्टचा वापर १२१५ युनिट होता, सप्टेंबरचा १३४०. वाढ १२५ युनिटची, म्हणजे साधारण १० टक्के. 'प्रचंड' हा शब्द मी कुठून आणला? चित्रातून. कॉम्प्युटरने उभा अक्ष शून्यापासून न घेता १००० पासून घेतला होता. त्यामुळे ऑगस्टचा बिंदू तळापासून २१५ घरं वर होता आणि सप्टेंबरचा ३४०. दिसायला दीडपटीहून जास्त उंच, प्रत्यक्षात दहावा हिस्सा जास्त. रेषालेखात अक्ष शून्यापासून नसला तर ती चूकच असं नाही, बारीक बदल दिसावा म्हणून तसं करतातही. पण मग शब्द अक्षावरचे आकडे वाचून लिहायचे असतात. मी उंची बघून लिहिले होते.

मग पाच माणसं किती पाणी वापरतील याचा हिशोब मांडला. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी रोज १३५ लिटर धरतात. पाच जणींचे ६७५ लिटर. महिन्याभराचे साधारण २० युनिट. तो फ्लॅट आधी रिकामा होता हे धरलं तरीही १२५ युनिटची वाढ त्यात बसत नाही. एवढी साधी गोष्ट मी अहवाल छापण्याआधी करून पाहायला हवी होती.

तरीही रेषेवरचा उंचवटा शिल्लकच होता. तो कुठून आला हे वहीत सापडलं. मामा कोकणातले. २०२३ मध्ये गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि २८ ला अनंत चतुर्दशी झाली. मामा गावाला गेले होते, ते विसर्जनानंतर घरची कामं उरकून आले. वहीत १ ऑक्टोबरची नोंदच नव्हती. होती ती ५ ऑक्टोबरची, मामांच्या वळणदार अक्षरात, तारखेसकट. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. मीच फक्त आकड्यांचा रकाना उचलला होता आणि तारखेचा सोडून दिला होता.

म्हणजे माझा 'सप्टेंबर' १ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर असा ३४ दिवसांचा होता आणि माझा 'ऑक्टोबर' ५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर असा २७ दिवसांचा. पहिल्यात १३४० युनिट, दुसऱ्यात १०६१. दिवसांनी भागलं तर सप्टेंबरचे रोजचे ३९.४ युनिट आणि ऑक्टोबरचे ३९.३. ऑगस्टचे ३९.२ होते. उंचवटा नाही, खड्डा नाही, सपाट रेषा. असा एका बाजूला उंचवटा आणि लगेच शेजारी खड्डा दिसला, तर आधी मोजणीच्या तारखा तपासाव्यात हे मला त्या दिवशी कळलं, कारण नोंद उशिरा झाली की एका महिन्याचं पाणी दुसऱ्याच्या नावावर चढतं आणि दोघांची बेरीज मात्र बरोबर राहते.

मग मी नऊच्या नऊ महिने दिवसांनी भागले आणि तेव्हा जे दिसलं त्याने मी जास्त अस्वस्थ झाले. माझ्या जुन्या रेषेत जानेवारीला १२५९ युनिट होते आणि फेब्रुवारीला १२१२, म्हणजे उतार. पण २०२४चा फेब्रुवारी २९ दिवसांचा. रोजची सरासरी काढली तर जानेवारी ४०.६, फेब्रुवारी ४१.८. वापर वाढत होता आणि माझी रेषा खाली जाताना दिसत होती. सगळे सप्टेंबरवर भांडत बसले होते आणि वर्षातली खरी वाढ जिथे सुरू होत होती तिथे कोणाची नजरच गेली नव्हती.

सभेत परत गेले तेव्हा चहा झाला होता, काही जण उठून गेले होते. मी उभी राहिले आणि आधी सांगितलं की माझी तिन्ही वाक्यं मी मागे घेते, सप्टेंबरमध्ये वापर वाढलाच नव्हता. तारखा वाचून दाखवल्या. मग फळ्यावर नवं वाक्य लिहिलं, ते असं:

"जुलै २०२३ ते मार्च २०२४ या नऊ महिन्यांत रोजचा सरासरी वापर ३९ युनिटवरून ४३ युनिटवर गेला, म्हणजे ४ युनिटने किंवा साधारण १० टक्क्यांनी वाढला. डिसेंबरपर्यंत तो ३९ ते ४० युनिटच्या दरम्यान जवळपास स्थिर होता. बहुतेक वाढ जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत झाली."

दुसरं वाक्य का लागलं ते सांगायला हवं. नुसतं पहिलं लिहिलं असतं तर ते खोटं नसतं, पण ऐकणाऱ्याला वाटलं असतं की वापर दर महिन्याला थोडा थोडा चढतो आहे. तसं नव्हतं. जुलैच्या ३९ वरून डिसेंबरला ३९.६, सहा महिन्यांत अर्ध्या युनिटच्या आसपास. तिथून मार्चला ४३. सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू जोडून एक दिशा सांगता येते, पण रेषा मध्ये कुठे वळली ते त्यात हरवतं.

निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंनी विचारलं, "जानेवारीपासून का वाढलं?" मी म्हणाले, ते या रेषेत लिहिलेलं नाही. ऊन वाढलं असेल, कुठे गळती सुरू झाली असेल, घरांत माणसं वाढली असतील. मीटर नवा आहे, मागच्या वर्षीचा जानेवारी ते मार्च आमच्याकडे नाही, त्यामुळे दर उन्हाळ्याआधी असं होतं का हेही सांगता येत नाही. गळतीची शंका मात्र तपासता येते: रात्री १२ ला गच्चीवरच्या टाक्या भरून पंप बंद करायचा, पातळी खुणेने लिहायची आणि पहाटे ४ ला परत पाहायची. त्या वेळात वापर अगदी कमी असतो, तरीही पातळी बरीच उतरली तर पाणी कुठेतरी जातंय.

अध्यक्ष म्हणाले, "तीन महिन्यांत साडेतीन युनिट वाढले, म्हणजे जूनपर्यंत ४६च्या वर जाणार. टँकरवाल्याशी आत्ताच बोलून ठेवू?" त्यांची काळजी मला समजत होती, उन्हाळ्यात आमच्या भागात टँकरसाठी किती फोन करावे लागतात ते मी रोज भोगते. पण तीन बिंदूंवरून रेषा पुढे ओढायला मी नकार दिला. टँकरवाल्याशी जरूर बोला, म्हटलं, फक्त अहवालात ४६ असं छापू नका, कारण छापलं की ते माझ्या 'प्रचंड'सारखं खरं होऊन बसेल.

सेक्रेटरींनी ठराव मागे घेतला. नवा अहवाल मी त्याच रात्री सूचना फलकावर लावला. जुनी तीन वाक्यंही त्यात तशीच ठेवली, खाली त्यातलं काय चुकलं ते लिहून. सिस्टरची मी सगळ्यांसमोर माफी मागितली होती, पण बाकीच्या चौघी ड्यूटीवर होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी वर जाऊन त्यांनाही भेटून आले.

आता वहीत तारखेशेजारी वेळेचा आणि दिवसांच्या संख्येचा असे दोन रकाने आहेत. आलेख मासिक बेरजेचा काढत नाही, रोजच्या सरासरीचा काढते. १ मेला सकाळी सात वाजता मामांनी मीटरचा फोटो पाठवला: एप्रिलचे ३० दिवस, १३०२ युनिट, रोजचे ४३.४. मी लिहिलं, "एप्रिलमध्ये रोजचा सरासरी वापर ४३.४ युनिट, मार्चपेक्षा ०.४ युनिटने जास्त, म्हणजे जवळपास तेवढाच."

सेक्रेटरींनी वाचून विचारलं, "पुढे 'उन्हाळ्यामुळे' एवढं तरी टाकू या का?"

"पुढच्या वर्षीचा एप्रिल हातात येऊ दे," मी म्हटलं, आणि पूर्णविराम तिथेच ठेवला.