पोहे : चारशे रुपये

श्रद्धांजली सभेत ‘दोन शब्द’ बोलायला सांगतात आणि माणूस घरी जाऊन निबंध लिहितो. नाना गेले, तेराव्यानंतरच्या रविवारी इंदूरच्या रामबागेतल्या एका हॉलमध्ये सभा ठरली आणि नातवंडांतर्फे बोलायचं काम माझ्या धाकट्या चुलतभावाकडे आलं. मराठीशी माझं थोडं बरं आहे असा घरात समज असल्यामुळे त्याने कागद माझ्यापुढे ठेवले. म्हणाला, “ताई, शुद्धलेखन तेवढं बघ.”

शुद्धलेखन ठीक होतं. पहिल्या पानावर नानांचा जन्म, शिक्षण, गिरणीतली नोकरी, निवृत्ती. मग हे: “नाना अत्यंत शिस्तप्रिय, काटकसरी, परोपकारी आणि प्रेमळ होते. त्यांनी कधीही कुणाचे मन दुखावले नाही.” पहिल्या रांगेत ज्या मामांना बसायचं होतं त्यांचं मन नानांनी दर दिवाळीला, फराळ हातात देऊन दुखावलं होतं. हे वाक्य ऐकून मामाच आधी हसले असते.

मी त्याला म्हटलं, नानांच्या जागी शेजारच्या काकांचं नाव घाल आणि पुन्हा वाच. त्याने वाचलं. काहीच बिघडलं नाही. काका हयात आहेत एवढीच अडचण. जो परिच्छेद नाव बदलून कुणालाही चालतो, तो नानांचा नव्हे. मग पेन्सिल घेऊन आम्ही प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारत गेलो आणि दर रेघेला मी विचारायची, “कधी? कुठे? तेव्हा काय म्हणाले?” उत्तर आलं की विशेषण काढायचं आणि ते उत्तर लिहायचं. उत्तर आलंच नाही तर नुसतं काढायचं. ‘धर्मपरायण’ असंच गेलं. नाना देवाला रोज नमस्कार करायचे खरे, पण एक डोळा गॅसवरच्या दुधाकडे.

‘शिस्तप्रिय’वर तो अडला नाही. नेहरू स्टेडियमजवळ रविवारी सकाळी नाना त्याला स्कूटर शिकवत. एकदा वळणावर तो स्कूटरसकट आडवा झाला, कोपर सोलवटलं, आणि त्याने तिथेच भोकाड पसरलं. नाना सावकाश चालत आले, कोपर बघितलं आणि म्हणाले, “आधी गाडी उचल. मग रड.” आणि खरंच, गाडी स्टँडवर लागेपर्यंत थांबले, मग खिशातला रुमाल काढून कोपराला बांधला. शिस्त आणि माया दोन्ही त्यात आली. दोन्ही शब्द कागदावरून गेले.

‘काटकसरी’ आणि ‘परोपकारी’ यांना मात्र एकच गोष्ट पुरली. नाना गिरणीत हिशेबाच्या टेबलावर होते आणि घरीही रोज रात्री वही लिहीत. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवायची आणि कोऱ्या बाजूवर भाजीची यादी करायची, असा माणूस. एका महिन्यात आजीला वहीत नोंद दिसली, ‘पोहे : चारशे रुपये’. प्लेट तेव्हा चार-पाच रुपयांना मिळे. आजीने जेवताना विचारलं, “चारशेचे पोहे? कुणाकुणाला घातलेत?” नाना ताटातून मान वर न करता म्हणाले, “जीरावन जास्त टाकलं होतं.” पुढे दोन-तीन वर्षांनी वरच्या भाडेकरूंच्या घरून पेढे आले, मुलगा पॉलिटेक्निक झाला म्हणून, आणि त्याच्या आईच्या बोलण्यातून पोह्यांचा उलगडा झाला.

भावाने हे आधी असं लिहिलं: “नानांनी एका गरजू विद्यार्थ्याची फी गुपचूप भरली होती. वहीत ती त्यांनी पोह्यांच्या नावावर लिहिली. आजीने विचारल्यावर ते विनोदाने म्हणाले...” पहिल्याच वाक्यात सगळं फुटलं, मग पुढचं ऐकायचं कशाला? आणि ‘विनोदाने’ म्हटलं की हॉल हसायचा थांबतो. आम्ही क्रम उलटा केला. आधी पाकिटं, मग नोंद, आजीचा प्रश्न, नानांचं उत्तर, तिथे थांबायचं, हसू ओसरू द्यायचं, आणि फीचं वाक्य अगदी शेवटी, साध्यात साधं. हॉलमध्ये निम्मे लोक हिंदी भाषक असणार होते, पण पोह्यांवर भुरभुरायचा जीरावन मसाला कुणाला समजावून सांगावा लागत नाही, इंदुरात तरी नाही. ‘गरजू’ही काढलं. तो मुलगा आता चांगला पन्नाशीला आलेला, सभेला यायचा होता. त्याला आधी फोन केला. तो म्हणाला, सांगा, फक्त नाव घेऊ नका. वरच्या मजल्याचा उल्लेखही मग आम्ही गाळला.

घरातल्या जमिनीच्या वादाची एक गोष्ट होती, तीत नाना फार छान वागले होते. पण ती कळायला आधी तीन नातेवाईक, दोन गावं आणि एक कोर्टकेस समजावून सांगावी लागते. ती जेवणाच्या पंगतीसाठी ठेवली.

मूळ कागद अकराशे शब्दांचा होता. मनात वाचला तर पाच मिनिटांत संपतो, म्हणून त्याला तो आटोपशीर वाटत होता. फोनवर घड्याळ लावून मोठ्याने वाचायला सांगितलं, तर साडेनऊ मिनिटं. वाट्याला चार मिनिटं आली होती. शोकसभेत माणूस नेहमीपेक्षा हळू बोलतो, मधे थांबतो, पाणी पितो. मिनिटाला शंभर शब्द धरले तर जेमतेम चारशे शब्द. जन्म-शिक्षण-नोकरी अख्खं गेलं, ते निवेदक सांगणारच होते. दोन गोष्टी राहिल्या.

मोठ्याने वाचताना आणखी एक गोष्ट कळली. ‘ज्या नानांनी आम्हाला लहानपणी बोट धरून’ अशा वाक्यात क्रियापद येईपर्यंत त्याचा श्वास संपायचा. अशी वाक्यं तोडली. ‘केले, सांगितले’चं बोलण्यातलं ‘केलं, सांगितलं’ केलं. आणि ‘मग रड’ला तो दर वेळी अडकायचा, पोह्यांना कधीच नाही. म्हणून स्कूटर आधी घेतली, पोहे शेवटी. गळा दाटला तरी पुढे हसण्याची जागा असली की माणूस सावरतो. स्कूटर शेवटी असती तर तो रडतच खाली आला असता. छापताना अक्षर मोठं, दर वाक्य नव्या ओळीवर, आणि मजकूर पानाच्या वरच्या अर्ध्यातच ठेवला, म्हणजे डोकं फार खाली जात नाही आणि आवाज कागदात पडत नाही. एक प्रत आत्याकडे दिली, न जमलं तर तिने तिथून पुढे वाचायचं.

आदल्या रात्री आजीपुढे वाचून दाखवलं. ‘चारशे’ला तिने हात वर केला. आत गेली आणि कपाटातून ती वहीच घेऊन आली. साडेतीनशे होते. भाऊ म्हणाला, “आजी, पन्नासने काय फरक पडतो? चारशे बोलायला बरं वाटतं.”

“पाकिटं उलटी करणाऱ्या माणसाचे पन्नास रुपये तू असे उडवतोस?” आजी म्हणाली, आणि पेन्सिल मागितली.