मावशीची मुलगी आणि हलबचा फकीह

"मॅडम, ते सूफी देवावरच लिहीत होते ना, मग फकीह लोकांना, म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडितांना, एवढं काय खुपलं? आणि इब्न अरबीच्या कवितेतली ती बाई खरी होती की नुसतं रूपक?"

तुम्ही विचारलंत म्हणून जरा नीट लिहिते, कारण वर्गात हे विचारलं जातं तेव्हा तास संपायला नेहमी पाचच मिनिटं उरलेली असतात.

आधी हल्लाज बाजूला ठेवू. 'धर्म आणि साहित्य'च्या पेपरात सूफी म्हटलं की मुलांना तोच आठवतो, ९२२ सालचं बगदाद, 'अनल हक' म्हणजे 'मीच सत्य' हे त्याचं वाक्य, सुळी वगैरे. पण त्या खटल्यात दरबारी राजकारण इतकं मिसळलंय की कविता आणि कायदा यांचं भांडण त्यातून वेगळं काढताच येत नाही. त्यापेक्षा ज्यात कोणी मेलं नाही, एका फकीहाने फक्त नाक मुरडलं आणि कवीला स्वतःच्याच कवितांवर टीका लिहावी लागली, ती केस मला जास्त कामाची वाटते. (आपल्याकडे टीका म्हणजे निंदा पण आणि भाष्य पण, ही मजा आहेच. इथे फकीहाने पहिली केली म्हणून कवीने दुसरी लिहिली.)

कवी म्हणजे इब्न अरबी. जन्म ११६५, अंदलूसमधलं मुर्सिया, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये. १२०२च्या सुमारास मक्केला आला आणि तिथे इस्फहानहून आलेल्या एका विद्वानाच्या घरी त्याचं येणंजाणं सुरू झालं. त्या गृहस्थांकडे तो तिरमिझींचा हदीससंग्रह, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा आणि आठवणींचा संग्रह, वाचत होता, त्यांची म्हातारी बहीण स्वतः हदीसची जाणकार, म्हणजे घर एकदम शास्त्री घराण्यासारखं, आणि त्या घरातली मुलगी म्हणजे निझाम. तिच्या रूपाबद्दल, बोलण्याबद्दल, विद्वत्तेबद्दल आणि धार्मिकपणाबद्दल त्याने प्रस्तावनेत भरभरून लिहिलंय. कवितासंग्रहाचं नाव 'तर्जुमान अल-अश्वाक', मी वर्गात त्याला 'ओढींचा दुभाषी' म्हणते. एकसष्ट कविता. उंट, वाळवंट, मुक्काम हलवून गेलेली माणसं, मागे राहिलेल्या राखेपाशी रडणारा प्रियकर, सगळं जुन्या अरबी प्रेमकवितेचं सामान. त्या सामानाला नसीब म्हणतात, आपल्या नशिबाशी त्याचा काही संबंध नाही, हे एकदा सांगून टाकलेलं बरं असतं.

आता फकीहाचं म्हणणं काय. लोकांना वाटतं कायद्याला प्रेमच नको होतं, पण तसं नाहीये. गझाली घ्या, ११११ साली गेलेला, स्वतः शाफई परंपरेचा फकीह, बगदादच्या निझामिया मदरशात शिकवलेला माणूस (हे निझाम वेगळं, नावाचा योगायोग). त्याच्या 'इह्या' या ग्रंथात गाणं ऐकण्यावर एक आख्खं प्रकरण आहे आणि त्यात तो हा प्रश्न कायद्याचा प्रश्न म्हणूनच घेतो, की गालांचं, केसांचं, बांध्याचं वर्णन असलेली कविता रचणं किंवा म्हणणं हराम आहे का? त्याचं उत्तर, नाही. अट एकच. ती बाई कोण ते कळता कामा नये. ओळखू येईल अशी परकी बाई कवितेत आणलीत की मामला गेला, आणि ऐकणाऱ्यानेसुद्धा ते वर्णन मनातल्या मनात कुठल्या परक्या बाईला चिकटवायचं नाही. पुढे तो म्हणतो की ज्याचं मन देवाच्या प्रेमाने भरलंय त्याला काळे केस ऐकून कुफ्रचा, म्हणजे अश्रद्धेचा, अंधार आठवेल, उजळ गाल ऐकून ईमानचा, म्हणजे श्रद्धेचा, प्रकाश, मीलन म्हणजे देवाची भेट आणि विरह म्हणजे मधला पडदा.

म्हणजे बघा, रूपकाची पळवाट कवींनी चोरून काढली नव्हती, एका मोठ्या फकीहानेच ती पायवाट आखून ठेवली होती. गौळणी आणि विरहिणी ऐकत मोठे झालेल्या आपल्या मुलांना ही पायवाट इतकी पायाखालची असते की अट त्यांच्या लक्षातच येत नाही. मी फळ्यावर तीच लिहून ठेवते, 'कोण ते कळता कामा नये'.

आणि इब्न अरबीने काय केलं, तर प्रस्तावनेत मुलीचं नाव लिहिलं. बापाचं लिहिलं, आत्याचं लिहिलं, गाव सांगितलं. वर असंही लिहिलं की या पुस्तकात मी जे जे नाव घेतो ते तिचंच, ज्या ज्या घरासाठी रडतो ते तिचंच घर. आणि त्याला लागूनच लिहिलं की या कवितांत माझा इशारा कायम दैवी साक्षात्कारांकडे आहे. म्हणजे ती खरी की रूपक याचं त्याचं स्वतःचं उत्तर 'दोन्ही' असं आहे, मधे 'पण' नाही, 'किंवा' तर नाहीच. कायद्याला नेमकं हेच गिळता येत नाही, कारण कायद्याच्या हिशोबात रूपक चालतं ते बाई अनामिक असेल तर.

पुढची गोष्ट तोच सांगतो. हलबमध्ये, म्हणजे अलेप्पोत, त्याच्या दोन शिष्यांनी एका फकीहाला बोलताना ऐकलं की यात कसली आलीत दैवी गुपितं, शेखसाहेब आपल्या धर्मनिष्ठेच्या नावाला जपण्यासाठी तसं म्हणतायत. (खरं सांगू? हा आक्षेप अजिबात मूर्ख नाहीये, माझ्या वर्गात दर वर्षी कोणीतरी हेच म्हणतं.) शिष्यांनी येऊन सांगितलं, आणि त्याने ओळीओळीवर टीका लिहायला घेतली. त्यातला काही भाग काझी इब्न अल-अदीम यांनी फकीहांच्या मंडळीसमोर वाचला, आणि तो आक्षेपवाला म्हणे पस्तावला. 'म्हणे' अशासाठी की हे आपल्याला कवीच्याच तोंडून कळतं, फकीहाची बाजू त्यात नाही.

आता त्या टीकेत आहे काय, ते मी वर्गात असं करते. निकल्सन या इंग्रज अभ्यासकाने १९११ साली लंडनला छापलेल्या पुस्तकात कविता आणि टीकेचा गोषवारा दोन्ही आहे. आधी फक्त कवितेची झेरॉक्स वाटायची, टीका नंतर. दुसरी कविता. निघायच्या दिवशी त्यांनी दमदार उंटांवर खोगीर तेव्हाच कसलं जेव्हा त्यांच्यावर मोर बसवून झाले, एकेक मोर असा की नजरेने जीव घेईल, जणू सिंहासनावर बसलेली बिल्कीस राणी. मुलं लगेच सांगतात, मोर म्हणजे बायका, कारवाँ निघालाय. बरोबर. मग टीका वाटायची. टीकेत उंट म्हणजे माणसाची कृत्यं, आतली आणि बाहेरची, कारण चांगलं कृत्य चांगल्या शब्दाला वर देवाकडे चढवतं असं कुराणात आहे. आणि मोर? मोर म्हणजे त्या कृत्यांचा आत्मा, म्हणजेच नियत. नियत नसेल तर कृत्य कबूल होत नाही.

इथे थांबायचं. कारण नियत हा शब्द फकीहाच्या घरचा आहे. नमाज, रोजा, हज, काहीही असो, नियत केली नसेल तर ते धरलं जात नाही, हे मदरशातलं पोरगंसुद्धा सांगेल. म्हणजे कवी फकीहाला 'तुला कविता कळत नाही' असं म्हणत नाहीये, तो त्याच्याच चलनात पैसे मोजतोय. उंटावर मोर नाही तर उंट निघत नाही, कृत्यात नियत नाही तर कृत्य पोचत नाही. मला हे वाचताना अजून दाद द्यावीशी वाटते.

अकराव्या कवितेचं तर फारच झालंय. त्यातल्या ओळी तुम्ही स्टेटसला नक्की बघितल्या असतील, माझं हृदय आता कुठलंही रूप घेतं, हरणांचं कुरण, ख्रिस्ती साधूंचा मठ, मूर्तींचं देऊळ, काबा, ज्यूंच्या तोरातच्या पाट्या, कुराणाचं पुस्तक, आणि प्रेमाचे उंट जिकडे नेतील तोच माझा धर्म. लोक हे सर्वधर्मसमभावाचं पोस्टर म्हणून लावतात. पण 'प्रेमाचा धर्म' या शब्दांवर टीकेत तो काय लिहितो? तो कुराणातल्या तिसऱ्या सुरेतली आयत पुढे करतो, ज्यात पैगंबरांना सांगितलंय की लोकांना म्हण, देवावर प्रेम असेल तर माझ्या मागे या, मग देव तुमच्यावर प्रेम करेल. म्हणजे प्रेमाचे उंट गावभर मोकाट फिरत नाहीयेत, पैगंबरांच्या वाटेने चाललेत. ज्याने याच काळात सुरू केलेल्या 'फुतूहात' या ग्रंथात वुजू, नमाज, जकात, रोजा, हज यांच्यावर लांबलचक प्रकरणं लिहिली त्याच्याकडून दुसरं काय अपेक्षित होतं? यावर्षी एका मुलीने हे ऐकून तोंड पाडलं, म्हणाली मॅडम तुम्ही माझा आवडता शेर मारलात. मी म्हटलं मी नाही गं, त्यानेच.

तरी टीका सगळीकडे बसते असं काही नाही. कितीतरी ठिकाणी शब्दाची ओढाताण आहे, एखाद्या गावाच्या नावाचं मूळ कुठल्या कुठे नेऊन त्यातून अर्थ पिळलाय, निकल्सनही त्यावर जरा वैतागलेला दिसतो. अंदाज घ्यायचा माझा सोपा मार्ग असा, की टीका वाचून कवितेकडे परत गेल्यावर ओळ जड झाली का बघायचं. मोरांची ओळ जड होते. काही ओळींत मात्र टीका वाचून आपण ती विसरून जातो आणि उंट परत उंटच दिसतो, आणि तिथे हलबचा फकीह मला अगदीच चुकलेला वाटत नाही. परीक्षेत हे लिहिलंत तरी मार्क कापणार नाही.

आणि एक राहिलंच. या कवितांवर पहिला आक्षेप फकीहाने घेतलाच नव्हता. प्रस्तावनेतच आहे, एका रात्री इब्न अरबी काब्याभोवती तवाफ, म्हणजे प्रदक्षिणा, करत होता, गर्दी नको म्हणून फरशी सोडून वाळूवर गेला आणि चार ओळी सुचल्या त्या मोठ्याने म्हणाला, की माझं कुठलं हृदय त्यांच्या मालकीचं झालंय हे त्यांना कळलं असेल का, आणि शेवटी, प्रेमात प्रेमिक गोंधळून जातात. तेवढ्यात खांद्यावर रेशमाहून मऊ हात पडला. मागे रूमची, म्हणजे बायझंटाईन मुलुखातली, एक मुलगी. ती निझामच की दुसरी यावर अजून भांडणं आहेत. काय म्हणालास, परत म्हण. त्याने एकेक ओळ म्हटली आणि तिने एकेक ओळ सोलली. मालकी म्हणतोस, मग जे मालकीचं आहे ते माहीत नसेल असं कसं? आणि गोंधळायला प्रेमिकाकडे काही शिल्लक राहतं का, प्रेम तर सगळंच घेऊन टाकतं ना?

फकीहाला त्याने आख्खी टीका लिहून दिली. हिला एवढंच विचारलं, मावशीच्या मुली, तुझं नाव काय? ती म्हणाली, कुर्रतुल-ऐन, म्हणजे डोळ्यांचा गारवा. तो म्हणाला, माझ्या. तिने सलाम केला आणि निघून गेली.