भडंगाचा व्हिडिओ आणि कागदावर नसलेली एक ओळ

रेसिपीचा व्हिडिओ म्हणजे सोप्पं काम, क्लिपा लावायच्या, नावं टाकायची, झालं, असं आमच्या लाईनीत बऱ्याच जणांना वाटतं. फोडणी आली की कळतं. मी सांगलीत एडिटिंगची कामं करतो, जास्त करून लग्नं आणि बारशी, आणि त्या दिवशी विश्रामबागेतल्या एका काकूंच्या भडंगाचं काम आलं. काकू घरी भडंग करून विकतात, त्यांच्या मुलाने दोन मोबाईलवर शूट केलेलं, एक वरून कढईवर धरलेला आणि एक बाजूने स्टँडवर. पेनड्राईव्हसोबत वहीचा एक कागद, त्यावर काकूंच्या अक्षरात सामान ओळीने लिहिलेलं : शेंगदाणे, मोहरी, जिरं, हिंग, लसूण, कढीपत्ता, हळद, तिखट, मीठ, पिठीसाखर, चुरमुरे. दीड मिनिटाचा उभा व्हिडिओ पाहिजे, संध्याकाळपर्यंत.

आधी दोन्ही फोनच्या क्लिपांचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेमा ते, स्थिर करून घेतला. मोबाईल शूट करताना फ्रेम रेट कमीजास्त करत राहतो, त्यामुळे टाईमलाईनवर सुरुवातीला आवाज बरोबर बसतो आणि चार मिनिटांच्या क्लिपच्या शेवटाला येईपर्यंत कढईत झारा आपटतो एका वेळी आणि खण्ण ऐकू येतं दुसऱ्या वेळी. बाजूचा फोन 30 वर होता, तो असा सरळ केला :

```
ffmpeg -i baju.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a aac baju_30.mp4
```

वरचा फोन 60 वर होता, तो 60 वरच ठेवला, फक्त स्थिर करून घेतला. त्याचं कारण पुढे येतंय. मग दोन्ही क्लिपा जुळवायला टाळी वगैरे कोणी वाजवली नव्हती, पण मोहरीचा पहिला तड आवाज दोन्हीकडे स्पष्ट होता, वेव्हफॉर्मवर सुईसारखा उभा दिसतो, तो एकमेकांखाली आणला की काम झालं.

आता फोडणी. शेंगदाणे आधीच तळून काढलेले, तिथे काही अडचण नव्हती. पण त्यानंतर काकूंनी मोहरी, जिरं, हिंग आणि लसूण सात सेकंदांत टाकलंय. त्यांचा रोजचा हात आहे, त्या काय थांबणार. आणि एक नाव स्क्रीनवर निदान दोन सेकंद तरी पाहिजे, नाहीतर 'जिरं 1 चमचा' मधलं जिरं वाचेपर्यंत चमचा गेलेला असतो. एक नाव काढून त्या जागी दुसरं टाकत गेलो असतो तर बघणाऱ्याने पॉज करून करूनच भडंग केलं असतं. म्हणून नावं बदलायची नाहीत, साठवायची. मोहरी आली की तिचं नाव वर, जिरं आलं की त्याखाली, मग हिंग, मग लसूण, आणि चारही ओळी शेवटची आल्यावर अजून तीन सेकंद तशाच. शिवाय प्रत्येक नाव पदार्थ तेलात पडताना नाही, तर हात फ्रेममध्ये शिरताना आणायचं, साधारण अर्धा सेकंद आधी. डोळा आधी नाव वाचतो आणि मग पडताना बघतो. पडल्यावर नाव आलं तर माणूस वाचत बसतो आणि पुढचं निसटतं.

तरी सात सेकंद कमीच पडत होते, तिथे वरचा 60 वाला फोन कामी आला. 30 च्या टाईमलाईनवर तो अर्ध्या स्पीडने चालवला तरी अडखळत नाही, कारण फ्रेमा खरोखरच दुप्पट आहेत. बाजूच्या क्लिपला हे केलं असतं तर हात झटके मारत गेला असता. आवाज मात्र वेगळा काढून नॉर्मल स्पीडलाच ठेवला, तडतड ओढली की ती गॅसगळती झाल्यासारखी ऐकू येते.

पुढे ट्रान्झिशन. मुलाने मेसेज केलेला, "दादा जरा फिरून येणारे इफेक्ट टाका." नाही टाकले. कढई गरगर फिरवली की बघणाऱ्याला कळत नाही लसूण किती तळला, आणि भडंगात तोच तर प्रश्न असतो. साधा कट मारायचा, तोही हात हलत असताना, म्हणजे झारा खाली जाताना वरच्या अँगलवरून बाजूच्या अँगलवर गेलं की जोड दिसत नाही. डिझॉल्व्ह फक्त वेळ गेला हे सांगायला. पण लसणावर डिझॉल्व्हसुद्धा नको वाटला. पांढरा लसूण विरघळत थेट तांबूस झाला की मधलं सगळं गायब, आणि मधलंच तर शिकायचं असतं. म्हणून तिथे तीन तुकडे ठेवले : पांढरा, कडा पिवळ्या पडलेला, सगळा तांबूस कुरकुरीत. प्रत्येकी सेकंदभर, वर 'मंद आच' एवढंच.

आणि हे तुकडे शोधायला बाजूची क्लिप मागेपुढे करत होतो तेव्हा ते दिसलं. कढईखाली निळी ज्योत आहे, आहे, आहे, मग काकूंचा डावा हात फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात जातो आणि पुढच्या क्षणी ज्योत नाही. त्यानंतर त्या आठ-दहा सेकंद नुसत्या उभ्या. मग हळद, मग तिखट. वरच्या अँगलमध्ये यातलं काहीच नाही, तेल तसंच चमकतंय, आणि मी तिथे रिकामं उभं राहणं म्हणून तेवढा भाग उडवायच्याच बेतात होतो. कागदावर तर लसूण, कढीपत्ता, हळद, तिखट असं सलग.

फोन लावला. म्हटलं, काकू, तिखट टाकायच्या आधी तुम्ही गॅस बंद करता का?

"मग काय जाळायचंय व्हय ते? तिखट करपलं की भडंग काळं पडतंय आन् घरभर ठसका."

"मग कागदावर लिहिलं नाही ते."

"आता ते काय लिहायचं असतंय का बाळा?"

त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे, कागद सामानाचा होता आणि गॅस बंद करणं हे काही सामान नाही. पण पुण्या-मुंबईत बसून जो व्हिडिओ बघून करणार त्याला कोण सांगणार? नुसती सामानाची नावं टाकली असती तर माझ्या व्हिडिओबरहुकूम केलेलं भडंग कडूच झालं असतं. मग तिथे वरचा अँगल सोडला, बाजूचा शॉट घेतला, ज्योत विझताना पूर्ण दिसेल असा, आणि 'गॅस बंद' सामानापेक्षा वेगळ्या रंगात, लाल पट्टीवर. थांबण्याचे ते आठ-दहा सेकंद तसेच ठेवायला जागा नव्हती, म्हणून दोन सेकंद ठेवून त्यावर '10 सेकंद थांबा' टाकलं आणि मग पुढच्या शॉटवर एक बारीक डिझॉल्व्ह, पंधरा फ्रेमांचा. सगळ्या व्हिडिओत तो एकच डिझॉल्व्ह आहे.

हे कळल्यावर बाकीच्या क्लिपाही त्याच नजरेने परत बघितल्या. अजून एक सापडलं, मीठ आणि पिठीसाखर तेलात नाही पडत, चुरमुरे घालून हलवताना वरून पडते, कागदावर ओळ उलटी होती. ती नावं हातासोबत पुढे सरकवली. चुरमुरे आधी उन्हात ठेवलेले, त्याची क्लिपच नव्हती, तेव्हा मुलाला सांगितलं की गच्चीवर परातीचा पाच सेकंदांचा शॉट काढून पाठव, उन्हं उतरायच्या आत. आला, जरा हललेला, पण चालला.

एक्स्पोर्ट करायच्या आधी आमच्या शेजारच्या इस्त्रीवाल्या पोराला आवाज बंद करून दाखवला, कारण बरेच लोक आवाज बंद ठेवूनच बघतात. म्हटलं आता क्रमाने सांग कसं करायचं. त्याने जन्मात गॅस पेटवला नसेल, पण गॅस बंद कधी करायचा ते बरोबर सांगितलं. हिंगाला मात्र तो अडकला, हिंगाचं नाव काकूंच्या पांढऱ्या वाटीवर येत होतं आणि पांढरी अक्षरं त्यात बुडत होती. त्या चारही ओळींच्या मागे काळी पट्टी टाकली, थोडी पारदर्शक, आणि गठ्ठा जरा वर सरकवला, खाली तसंही बटणं आणि कॅप्शन येतात.

काकूंनी बघितला, पहिली प्रतिक्रिया : "हात लई काळा दिसालाय माझा." तो दुसऱ्या दिवशी थोडा उजळून दिला. पुढचं काम कांदा-लसूण मसाल्याचं ठरलंय, आणि मुलाला आत्ताच सांगून ठेवलंय की बाजूच्या फोनच्या फ्रेममध्ये गॅसचं बटण आलंच पाहिजे.